शून्य किंवा मूळ संख्या : तिसरी वाट का नाही?



शीव कोळीवाड्यातल्या या व्याख्यानमालेत गणितावर बोलायला सांगितले, तेव्हा विषय निवडायला मला वेळ लागला नाही. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात एक छोटे प्रमेय असते: कोणत्याही इंटिग्रल डोमेनची कॅरॅक्टरिस्टिक एकतर शून्य असते, नाहीतर मूळ संख्या असते. त्याची सिद्धता चार ओळींची आहे. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. ती चार ओळींची गोष्ट नेमकी काय सांगते आणि तिच्यामुळे गणितात कुठे वाट अडते, हे आज सावकाश पाहू. ज्यांनी ती अडलेली वाट वळसा घालून पार केली, त्यांतले एक मराठी माणूस होते आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. शेवटी आपण त्यांच्यापर्यंत पोचणार आहोत.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. ज्या संचात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतात आणि हे व्यवहार नेहमीच्या नियमांनी चालतात, त्याला रिंग म्हणतात. आज आपण ज्या रिंगांबद्दल बोलू त्यांत १ हा अंक आहे आणि गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. पूर्णांकांची रिंग सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी ओळखीची रिंग म्हणजे सहा खुणांचे घड्याळ. खुणा ० ते ५. पाचाच्या पुढे एक पाऊल टाकले की काटा पुन्हा शून्यावर येतो. या घड्याळात ४ आणि ५ यांची बेरीज ३ होते, कारण नऊमधून एक पूर्ण फेरी, म्हणजे सहा, वजा करायची. गुणाकारही तसाच: ४ × ५ = २०, त्यातून तीन फेऱ्यांचे अठरा काढले की उरतात २.

आता याच घड्याळात २ आणि ३ यांचा गुणाकार करा. सहा, म्हणजे शून्य. दोन शून्य नाही, तीन शून्य नाही, तरी त्यांचा गुणाकार शून्य. असे अंक असले की समीकरणे सोडवताना आपली रोजची सवय दगा देते. शाळेत आपण शिकलो की २क = २ख असेल तर दोन्ही बाजूंचा २ काढून टाका, क = ख. सहाच्या घड्याळात २ × १ = २ आणि २ × ४ = ८ = २. दोन्ही बाजू सारख्या, पण १ आणि ४ वेगळे. दोन काढून टाकता येत नाही.

ज्या रिंगमध्ये ही अडचण येत नाही, म्हणजे गुणाकार शून्य झाला तर गुणणाऱ्यांपैकी एक तरी शून्य असायलाच हवा, तिला इंटिग्रल डोमेन म्हणतात. १ आणि ० वेगळे असले पाहिजेत, ही आणखी एक अट. पूर्णांकांची रिंग डोमेन आहे. सहाचे घड्याळ नाही.

कॅरॅक्टरिस्टिक म्हणजे काय, तेही पाहू. रिंगमधला १ घ्या आणि तो स्वतःमध्येच मिळवत चला: १, १+१, १+१+१, असे पुढे. पूर्णांकांत हा प्रवास कधी शून्यावर येत नाही. सहाच्या घड्याळात सहाव्या बेरजेला येतो. पहिल्यांदा ज्या बेरजेला शून्य येते, ती संख्या म्हणजे त्या रिंगची कॅरॅक्टरिस्टिक. कधीच शून्य येत नसेल तर कॅरॅक्टरिस्टिक शून्य मानतात. विद्यार्थी विचारतात, कधीच येत नसेल तर अनंत का म्हणत नाही? त्याचे कारण असे. जितक्या जितक्या वेळा १ मिळवल्याने शून्य येते, त्या सगळ्या संख्या गोळा केल्या तर त्या कॅरॅक्टरिस्टिकच्या पटी असतात. सहाच्या घड्याळात ०, ६, १२, १८... या सहाच्या पटी. पूर्णांकांत मात्र हाती फक्त ० लागतो, म्हणजे शून्याच्याच पटी. शून्य म्हटले की एकच नियम दोन्हीकडे चालतो.

१ च्या बाबतीत जे घडते तेच सगळ्यांच्या बाबतीत घडते. १ सहा वेळा मिळवून शून्य येत असेल, तर कोणताही अंक क सहा वेळा मिळवला तरी क × (१+१+१+१+१+१) म्हणजे क × ० मिळते. म्हणून कॅरॅक्टरिस्टिक ही एकट्या १ ची गोष्ट राहत नाही, ती साऱ्या रिंगची होते.

आता सिद्धता. एखाद्या डोमेनमध्ये १ मिळवत मिळवत कधीतरी शून्य आले, आणि पहिल्यांदा ते न वेळा मिळवल्यावर आले, असे धरा. न = १ असू शकत नाही, कारण १ हा शून्य नाही. न संयुक्त आहे, म्हणजे न = अ × ब, आणि अ, ब दोन्ही १ पेक्षा मोठे व न पेक्षा लहान आहेत, असे समजू. अ वेळा घेतलेल्या १ ची बेरीज एका कंसात लिहा, ब वेळा घेतलेल्या १ ची दुसऱ्या कंसात, आणि दोन्ही कंसांचा गुणाकार करा. पहिल्या कंसातला प्रत्येक १ दुसऱ्या कंसातल्या प्रत्येक १ ला गुणतो. एकूण अ × ब, म्हणजे न वेळा १ मिळतो, आणि त्याची बेरीज शून्य आहे. म्हणजे दोन कंसांचा गुणाकार शून्य आला. आपण डोमेनमध्ये आहोत, म्हणून एक कंस तरी शून्य असला पाहिजे. पण अ आणि ब दोन्ही न पेक्षा लहान आहेत आणि शून्य पहिल्यांदा न ला आले होते. विसंगती. म्हणून न संयुक्त असू शकत नाही, तो मूळच असतो.

या सिद्धतेत तीन गोष्टींचा उपयोग झाला आणि तिन्ही लागतात. कंस सोडवणे हा बेरीज आणि गुणाकार यांना जोडणारा वितरणाचा नियम. गुणाकार शून्य तर एक गुणक शून्य, ही डोमेनची अट. आणि न ही ‘पहिली’ संख्या असणे. तिसरी गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. ‘१ न वेळा मिळवला की शून्य येते’ एवढेच धरले, ‘पहिल्यांदा’ हा शब्द गाळला, तर निष्कर्ष खोटा ठरतो. तीनच्या घड्याळात सहा वेळा १ मिळवला तरी शून्य येते आणि सहा मूळ नाही. उत्तरपत्रिका तपासताना मी आधी हा शब्द शोधतो.

एक उदाहरण हाताने करून पाहण्यासारखे आहे. चार अंकांचे डोमेन आहे का? पटकन मनात येते चारचे घड्याळ, पण तिथे २ × २ = ४ = ०, म्हणून ते डोमेन नाही. मग चार अंकांचे डोमेन असेल तर त्याची कॅरॅक्टरिस्टिक काय असेल? चार अंकांच्या संचात १ चार वेळा मिळवला की शून्य येतेच, हे बेरजेच्या गटांचा साधा नियम सांगतो. आता १+१+१+१ हे (१+१)(१+१) असे लिहिता येते. हा गुणाकार शून्य आहे, म्हणून १+१ हाच शून्य. म्हणजे अंक चार, पण कॅरॅक्टरिस्टिक दोन. असे डोमेन खरोखर आहे. त्याचे अंक ०, १, त आणि त+१. त्यात १+१ = ० आणि त × त = त+१ असे दोन नियम लावले की सगळी कोष्टके ठरतात. उदाहरणार्थ त × (त+१) = (त+१)+त = १. शून्याशिवाय प्रत्येक अंकाला गुणाकारातला व्यस्त मिळतो, म्हणून हे डोमेन फील्डही आहे.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. कॅरॅक्टरिस्टिक मूळ असली की रिंग डोमेन होते, असे नाही. ० आणि १ यांच्या जोड्या घ्या आणि जागेप्रमाणे, दोनच्या घड्याळाने, बेरीज-गुणाकार करा. (१, ०) आणि (०, १) यांचा गुणाकार (०, ०) येतो. कॅरॅक्टरिस्टिक दोन आहे, पण डोमेन नाही. आणि कॅरॅक्टरिस्टिक मूळ असली की रिंग सांत असते, असेही नाही. दोनच्या घड्याळातले सहगुणक घेऊन जितक्या बहुपदी लिहिता येतात त्यांचे डोमेन अनंत आहे, तरी प्रत्येक बहुपदी स्वतःत मिळवली की शून्य येते. प्रमेय एकाच दिशेने बोलते आणि तेवढेच त्याचे म्हणणे आहे.

आता या प्रमेयाने कोणती वाट बंद होते ते पाहू. सहा अंकांचे फील्ड असू शकते का? असेल तर ते डोमेनही असेल, म्हणून त्याची कॅरॅक्टरिस्टिक शून्य किंवा मूळ असेल. शून्य नाही, कारण मग १, १+१, १+१+१... सगळे वेगळे निघून अंक अनंत होतील. दोन असेल तर त्यात ०, १ आले. यांच्याबाहेरचा एक अंक त घ्या, मग त+१ ही आला. चार झाले. सहा व्हायला आणखी एक बाहेरचा अंक द हवा, आणि तो आला की द, द+१, द+त, द+त+१ हे चारही येतात. आठ झाले. चारवरून थेट आठ, सहाला थांबाच नाही. कॅरॅक्टरिस्टिक तीन असेल तर ०, १, २ हे तीन अंक असतात, आणि चौथा आला की तिनावरून थेट नऊ. पाच असेल तर पाचावरून थेट पंचवीस. सात किंवा त्याहून मोठी असेल तर सुरुवातच सहाच्या पुढे होते. म्हणून सहा अंकांचे फील्ड नाही. याच हिशोबाने दहाचे नाही, चौदाचे नाही, बावीसचेही नाही. सांत फील्डच्या अंकांची संख्या नेहमी एखाद्या मूळ संख्येचा घात असते: २, ३, ४, ५, ७, ८, ९, ११, १३, १६, अशी.

एवढ्याने काय बिघडले, असा प्रश्न येईल. ऑयलरने १७७९ मध्ये मांडलेले एक कोडे आता घेऊ. सहा पलटणी, प्रत्येक पलटणीतून सहा हुद्द्यांचा एकेक अधिकारी, असे छत्तीस अधिकारी. त्यांना ६ × ६ च्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात सहाही पलटणी आणि सहाही हुद्दे एकदाच यावेत. म्हणजे दोन लॅटिन चौरस हवेत, एक पलटणींचा आणि एक हुद्द्यांचा. ते एकमेकांवर ठेवले की छत्तीस जोड्या छत्तीस वेगळ्या याव्यात. अशा दोन चौरसांना परस्पर लंब लॅटिन चौरस म्हणतात.

फील्ड असेल तर असे चौरस झटपट बनतात. समजा पाचचे घड्याळ घेतले, जे पाच मूळ असल्याने फील्ड आहे. ओळ र आणि स्तंभ स जिथे मिळतात तिथे पहिल्या चौरसात स + र लिहा आणि दुसऱ्या चौरसात स + २र. दोन घरांत तीच जोडी आली असे धरा. दोन्ही चौरसांतला फरक २र – र = र, तो दोन्ही घरांत सारखा, म्हणून ओळ सारखी. ओळ सारखी तर स्तंभही सारखा. म्हणजे घर एकच. पंचवीस जोड्या पंचवीस वेगळ्या आल्या.

हीच कृती सहाच्या घड्याळात करा. प्रत्येक स्तंभात सहाही अंक एकदाच यायचे असतील तर र ला ज्या अंकाने गुणतो त्याला व्यस्त हवा. सहाच्या घड्याळात असे फक्त १ आणि ५. म्हणून पहिल्या चौरसात स + र आणि दुसऱ्यात स + ५र लिहू. दोन्ही चौरस लॅटिन येतात, सगळे ठीक दिसते. पण ओळ ०, स्तंभ ० इथली जोडी पहा: (०, ०). आता ओळ ३, स्तंभ ३ पहा. पहिल्या चौरसात ३ + ३ = ६, म्हणजे ०. दुसऱ्यात ३ + १५ = १८, म्हणजे ०. पुन्हा (०, ०). जोडी दोनदा आली, म्हणजे कुठली तरी दुसरी जोडी राहून गेली. ५ आणि १ यांतला फरक ४, आणि ४ × ३ = १२ = ०. शून्य नसलेल्या दोन अंकांचा शून्य गुणाकार, म्हणजे डोमेनच्या अटीने जे वर्ज्य ठरवले तेच इथे आडवे आले.

ऑयलरला सहाची जोडी सापडली नाही. १९०० च्या सुमाराला गास्ताँ तारी या फ्रेंच गणितज्ञाने सगळ्या शक्यता पद्धतशीर तपासून ती नाहीच हे दाखवले. पण ऑयलरचे अनुमान याहून मोठे होते. चाराने भागल्यावर दोन उरतात अशा कोणत्याही संख्येसाठी, म्हणजे ६, १०, १४, १८, २२... यांपैकी कशासाठीही अशी जोडी नाही, असे त्याला वाटत होते. यांपैकी कोणतीही संख्या मूळ संख्येचा घात नाही, हे लगेच दिसते: प्रत्येकीत दोन एकदाच येतो आणि शिवाय एक विषम गुणक असतो. फील्डची वाट या सगळ्यांसाठी बंदच आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षे हे अनुमान टिकून राहिले.

१९५९ मध्ये ते कोसळले. राज चंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसच्या दोन लंब चौरसांची जोडी दिली, अर्नेस्ट पार्कर यांनी दहाची दिली, आणि लवकरच तिघांनी मिळून दाखवले की सहा सोडून ऑयलरच्या यादीतल्या प्रत्येक संख्येसाठी (दोन ही अगदी लहान संख्या वगळून) अशी जोडी आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली होती. श्रीखंडे १९१७ साली सागरला जन्मले आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोस यांच्याकडे पीएच.डी. झाले. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभाग आणि प्रगत अध्ययन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या हाताखाली. २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले.

बावीसचे फील्ड नसताना बावीसचे चौरस कसे मिळाले? त्यामागची कल्पना मी आता उलगडून सांगतो. बावीसचे फील्ड नाही, पण चारचे आणि सातचे आहे. म्हणून बावीस वस्तूंचे चार-चारांचे आणि सात जणांचा एक असे गट पाडायचे, अशा रीतीने की कोणत्याही दोन वस्तू नेमक्या एकाच गटात एकत्र येतील.

असे गट खरेच पाडता येतात. १८५० मध्ये टॉमस कर्कमन यांनी एक कोडे घातले होते: पंधरा मुली सात दिवस तीन-तीनच्या पाच रांगांत फिरायला जातात, आणि कोणत्याही दोन मुली आठवड्यात नेमक्या एकदाच एका रांगेत येतात. हे जमते. एकूण पस्तीस त्रिकुटे होतात, दिवसाला पाच. आता प्रत्येक दिवसासाठी एक नवी मुलगी घ्या आणि त्या दिवसाच्या पाचही त्रिकुटांत तिला घाला. पस्तीस त्रिकुटांचे पस्तीस चौकडे झाले. सात नव्या मुलींचा एक वेगळा गट करा. एकूण मुली पंधरा आणि सात, बावीस. दोन जुन्या मुली एकाच चौकड्यात येतात, कारण त्रिकुटात त्या एकदाच येत होत्या. जुनी आणि नवी एकदाच येतात, कारण जुनी मुलगी त्या दिवशी एकाच त्रिकुटात होती. दोन नव्या सातांच्या गटात. हिशोबही जुळतो: बावीस जणींच्या जोड्या २३१, पस्तीस चौकड्यांतल्या जोड्या ३५ × ६ = २१०, सातांच्या गटातल्या २१.

आता चौरस भरू. कर्णावर, म्हणजे ओळ आणि स्तंभ एकाच मुलीचे असतील तिथे, तिचेच नाव लिहा. ओळ आणि स्तंभ वेगळ्या मुलींचे असतील तर त्या दोघींचा गट शोधा. तो चारचा असेल तर चारच्या फील्डचे अंक, सातचा असेल तर सातच्या घड्याळाचे अंक त्या गटातल्या मुलींना द्या. मग पहिल्या चौरसात अ × र + (१ – अ) × स लिहा आणि दुसऱ्यात ब × र + (१ – ब) × स. इथे अ आणि ब वेगळे असावेत, दोन्ही ० आणि १ सोडून. चारच्या फील्डमध्ये असे दोनच अंक आहेत, त आणि त+१, आणि दोनच पुरतात. या सूत्राचा गुण असा की र आणि स सारखे असले तर उत्तरही तेच येते, म्हणून कर्ण आपोआप जुळतो. एखाद्या घरात दोन्ही चौरसांत तेच नाव येईल का? तर (अ – ब) × (र – स) = ० असायला हवे. अ आणि ब वेगळे, म्हणून पहिला गुणक शून्य नाही. आपण फील्डमध्ये आहोत, म्हणून र – स हाच शून्य, म्हणजे ते घर कर्णावरचेच. वेगळ्या नावांची जोडी मात्र तिच्या एकाच गटात, एकाच घरात मिळते. बावीस गुणिले बावीस, ४८४ जोड्या, सगळ्या वेगळ्या.

जी अट सहामध्ये तुटली, गुणाकार शून्य तर एक गुणक शून्य, तीच इथे चार आणि सातच्या गटांत शाबूत आहे. बोस आणि श्रीखंडे यांनी प्रमेय मोडले नाही, आणि बावीसला फील्ड बनवायच्या नादी लागले नाहीत. प्रमेय कुठे लागू पडते ते ओळखून त्यांनी तेवढे तुकडे घेतले आणि गट पाडण्याच्या कौशल्याने ते जोडले. ऑयलरच्या अनुमानामागे बहुधा हा समज होता की बीजगणिताची वाट नसेल तर वाटच नाही. सहाच्या बाबतीत तो खरा निघाला, बाकी सगळीकडे खोटा.

दहाच्या बाबतीत आजही एक प्रश्न उघडा आहे. दहाचे फील्ड असते तर त्यातून परस्पर लंब चौरसांचा नऊ जणांचा पूर्ण संच निघाला असता. फील्ड नाही, आणि १९८९ मध्ये क्लेमंट लॅम आणि सहकाऱ्यांनी संगणकावर प्रचंड तपासणी करून दाखवले की दुसऱ्या कोणत्याही मार्गाने नऊचा संच मिळत नाही. दोन चौरस १९५९ पासून आपल्याकडे आहेत. तीन चौरस परस्पर लंब असू शकतात का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही आणि खोडूनही काढलेले नाही. दहा = २ × ५, म्हणून १० कॅरॅक्टरिस्टिक असलेले डोमेन नाही, एवढे आपण चार ओळींत सांगू शकतो. दहाच्या बाबतीत नेमके किती चौरस एकमेकांशी लंब राहू शकतात, याचे उत्तर द्यायला अशाच एखाद्या नव्या जोडणीची गरज आहे.